चार जीबीचा फोन आणि पुन्हापुन्हा बंद होणारी अ‍ॅप

गेल्या हिवाळ्यात माझे वडील तीन महिन्यांसाठी टोकियोला आले, तेव्हा त्यांच्या हाती मी घरातला जुना, चार जीबी रॅमचा अँड्रॉइड फोन दिला. त्यात एक जपानी सिम आणि त्यांचे भारतातले सिम, अशी सोय होती. दुसऱ्याच आठवड्यात त्यांना भारतातील बँकेतल्या एका मुदत ठेवीचे नूतनीकरण करायचे होते. बँकेचे पान उघडले, तपशील भरला, ओटीपी आला. तो पाहण्यासाठी ते संदेशांच्या अ‍ॅपमध्ये गेले आणि परतले, तर समोर पुन्हा लॉगिनचे कोरे पान. तीन वेळा हेच झाले आणि चौथ्या वेळी बँकेने खाते चोवीस तासांसाठी बंद केले. "अरे, हा फोन विसराळू आहे," असे ते म्हणाले. तांत्रिकदृष्ट्याही हे निदान बऱ्यापैकी अचूक होते.

जपानमध्ये असे फोन अनेक भारतीय घरांत आहेत. ऑक्टोबर २०१९ पासून येथील दूरसंचार कायद्याने, सेवा करारासोबत फोनवर देता येणाऱ्या सवलतीला २० हजार येनची मर्यादा घातली. डिसेंबर २०२३ मध्ये ती ४० हजार येनपर्यंत वाढवण्यात आली. मधल्या काळात दुकानांच्या दर्शनी फळीवर, सवलत वजा जाता जवळपास फुकट पडणारे छोटे फोन दिसू लागले. शार्पचा अ‍ॅक्वोस विश, एफसीएनटीचा अ‍ॅरोज वी, सोनीचा एक्स्पीरिया एस थ्री हे त्यांपैकी परिचित नमुने. तिघांतही चार जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण. मुलांचा पहिला फोन, भेटीला आलेल्या आईवडिलांचा फोन किंवा कार्यालयाच्या कामाचा दुसरा फोन म्हणून ते घेतले गेले, आणि आज त्यांच्यावर तेव्हापेक्षा बऱ्याच जड अ‍ॅपचा भार आहे.

फोन नेमके काय करतो

साठवण म्हणजे स्वयंपाकघरातले फडताळ आणि रॅम म्हणजे ओटा, असे मानले तर पुढचे समजणे सोपे जाते. फडताळात कितीही डबे मावतील, पण एका वेळी हाताळता येतील तेवढेच ओट्यावर राहतात. चार जीबीच्या ओट्याचा निम्म्याच्या आसपासचा भाग अँड्रॉइड आणि गूगलच्या मूळ सेवाच व्यापून टाकतात. उरलेल्या जागेत ब्राउझर, व्हॉट्सअ‍ॅप, लाइन, नकाशा आणि कॅमेरा यांना आलटून पालटून बसावे लागते.

जागा संपत आली की अँड्रॉइड आधी कमी वापरातला मजकूर दाबून, म्हणजे संकुचित करून, रॅममध्येच ठेवतो. तेवढ्याने भागले नाही तर एक वेगळी यंत्रणा पुढे येते. तिचे नाव lmkd. मेमरीसाठी फोन किती काळ अडून राहतो आहे हे ती मोजत असते आणि ताण ठरावीक पातळीच्या वर गेला की एकेक अ‍ॅप संपवते. कोणाला आधी उठवायचे याचा क्रम ठरलेला असतो. पडद्यावर दिसणारे अ‍ॅप सर्वांत सुरक्षित. त्यानंतर गाणे वाजवणारे किंवा रस्ता सांगणारे, म्हणजे पडद्यामागे असूनही ज्याचे काम वापरणाऱ्याला जाणवते असे अ‍ॅप. त्याच्या बऱ्याच खाली, आपण नुकतेच सोडून आलेले अ‍ॅप. आणि तळाशी, केवळ पुन्हा चटकन उघडावे म्हणून राखून ठेवलेली अ‍ॅप.

वडिलांची अडचण येथेच होती. ओटीपी पाहण्यासाठी ते संदेशांत गेले त्या क्षणी ब्राउझर वरच्या पायरीवरून घसरून 'नुकतेच सोडलेले अ‍ॅप' झाला. आठ जीबीच्या फोनमध्ये ही घसरण कधी जाणवतही नाही. चार जीबीच्या भरलेल्या फोनमध्ये मात्र तेवढ्या वीस सेकंदांत त्याचा बळी जाऊ शकतो. बंद झालेले अ‍ॅप पुन्हा उघडताना आपण कोठे होतो याची नोंद अँड्रॉइड त्याला परत देतो, पण त्या नोंदीचे काय करायचे हे अ‍ॅपच्या किंवा संकेतस्थळाच्या हाती असते. बातमीचे अ‍ॅप तीच बातमी पुन्हा दाखवते. बँका सुरक्षिततेसाठी अर्धवट भरलेला अर्ज मुद्दामच जपत नाहीत.

आधी निदान, मग उपाय

'अ‍ॅप बंद होते' या तक्रारीखाली किमान दोन वेगळे दोष येतात आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. अ‍ॅप सोडून दुसरीकडे गेल्यावर, परतताना ते पहिल्या पानापासून सुरू होत असेल आणि मध्ये कोणताही इशारा आला नसेल, तर कारण बहुधा मेमरी हेच. पडद्यावर असतानाच अ‍ॅप नाहीसे झाले आणि 「繰り返し停止しています」 अशी चौकट आली, तर दोष बहुधा अ‍ॅपचा किंवा त्याच्या एखाद्या आधारघटकाचा असतो. मार्च २०२१ मध्ये Android System WebView या घटकाच्या एका सदोष आवृत्तीमुळे जगभरच्या फोनवर असंख्य अ‍ॅप उघडताक्षणी कोसळत होती. तेव्हा बारा जीबीच्या फोनचीही तीच गत झाली होती आणि मेमरी मोकळी करत बसलेल्यांचा वेळ वाया गेला. अशा वेळी प्ले स्टोअरमधून ते अ‍ॅप, WebView आणि Chrome अद्ययावत करणे हाच मार्ग.

तिसरी शक्यता क्वचित, पण चकवणारी आहे. विकसकांसाठीच्या पर्यायांत 「アクティビティを保持しない」 नावाचा एक खटका असतो. तो चालू असेल, तर मेमरी कितीही असली तरी प्रत्येक पान सोडताक्षणी नष्ट होते. वापरलेला फोन विकत घेतला असेल, तर तो एकदा तपासून पाहावा. हे पर्याय दिसण्यासाठी सेटिंगमधील फोनच्या माहितीत जाऊन 「ビルド番号」 या ओळीवर सात वेळा बोट टेकवायचे. मग 「システム」 या विभागात 「開発者向けオプション」 दिसू लागते.

त्याच यादीत 「メモリ」 हे पान आहे. गेल्या तीन तासांत सरासरी किती मेमरी वापरली गेली आणि कोणत्या अ‍ॅपने किती घेतली, हे ते दाखवते. काही नव्या आवृत्त्यांत ही मोजणी आधी सुरू करावी लागते. वडिलांच्या फोनमध्ये हे पान पाहिले तेव्हा त्यांनी दिवसभरात न उघडलेली पाच अ‍ॅप वरच्या दहांत होती. त्यांतले एक हवामानाचे, दोन खरेदीची, एक मूळ विक्रेत्याने भरलेले बातम्यांचे आणि एक चक्क मेमरी साफ करणारे.

शेवटचे मी लगेच काढून टाकले. 'क्लीनर' आणि 'बूस्टर' या नावांनी मिळणारी अ‍ॅप स्वतः सतत चालू राहून जागा अडवतात. ती ज्यांना बंद करतात त्यांतली बरीच अँड्रॉइड पुन्हा उभी करतो, आणि या उठाबशांत बॅटरी खर्च होते ती वेगळीच. अलीकडील अ‍ॅपच्या यादीतून सगळे कप्पे बोटाने उडवून लावण्याची अनेकांची सवय याच जातीची आहे. त्याने क्षणभर समाधान मिळते, पण पुढच्या वेळी तेच अ‍ॅप शून्यापासून उभे करताना फोनला अधिक कष्ट पडतात.

पार्श्वभूमीचा भार कोठून कमी करावा

सर्वांत मोठा लाभ न वापरलेली अ‍ॅप काढण्यात आहे. जपानी दूरसंचार कंपन्यांच्या फोनवर मुळातच भरलेली बरीच अ‍ॅप काढता येत नाहीत, पण त्यांच्या माहितीपानावर 「無効にする」 हे बटण असते. ते दाबले की अ‍ॅप फडताळात राहते, ओट्यावर येत नाही. बातम्यांची पाने, सवलतींची कुपने, मुख्य पडद्यावर फिरणारी बोलकी चित्रे यांपासून सुरुवात करावी. जी अ‍ॅप ठेवायची आहेत पण पडद्यामागे नको आहेत, त्यांच्यासाठी त्याच पानावरील बॅटरीच्या विभागात 「制限」 निवडावे. मुख्य पडद्यावरचे हवामानाचे किंवा शेअर बाजाराचे चौकोन, हलणारी पार्श्वचित्रे आणि ब्राउझरमध्ये महिनोन्महिने उघडे राहिलेले टॅब हेही भाराचेच भाग. वडिलांच्या ब्राउझरमध्ये ४१ टॅब निघाले, त्यांतले बहुतेक क्रिकेटचे.

येथे एक सावधगिरी जपानमध्ये राहणाऱ्याने पाळलीच पाहिजे. भूकंपाचा पूर्वइशारा आपल्यापर्यंत दोन वेगळ्या वाटांनी येतो. पहिली वाट मोबाइल मनोऱ्यांवरून एकाच वेळी सर्व फोनना पाठवल्या जाणाऱ्या 「緊急速報メール」 ची. डोकोमोने २००७ च्या डिसेंबरमध्ये एरिया मेल या नावाने ती सुरू केली. कोणतेही वेगळे अ‍ॅप बसवलेले नसले तरी ती चालते, परंतु काही कंपन्यांच्या अँड्रॉइड फोनमध्ये तिची व्यवस्था एखाद्या मूळ अ‍ॅपकडे असते. डोकोमोच्या फोनमधील 「災害用キット」 हे त्याचे उदाहरण. अनोळखी जपानी नाव पाहून ते निष्क्रिय केले, तर मेमरी जेमतेम वाचेल आणि इशाऱ्याची वाट धोक्यात येईल. नावात 「災害」 किंवा 「緊急」 ही अक्षरे दिसली की हात मागे घ्यावा, हा साधा नियम मी घरात घालून दिला आहे.

दुसरी वाट प्ले स्टोअरवरून घेतलेल्या अ‍ॅपची, म्हणजे 「Yahoo!防災速報」, 「NHK ONE ニュース・防災」 किंवा जपानच्या पर्यटन विभागाच्या देखरेखीखालील, अनेक भाषांतले Safety tips. यांचे इशारे गूगलच्या संदेशवाहिनीतून येतात. अ‍ॅप मेमरीसाठी बंद झालेले असले तरी अँड्रॉइड इशारा येताच त्याला उठवतो. मात्र 「強制停止」 हे बटण दाबून बंद केलेले अ‍ॅप आपण स्वतः पुन्हा उघडेपर्यंत झोपलेलेच राहते आणि त्याला एकही इशारा मिळत नाही. मेमरी वाचवण्याच्या उत्साहात हे बटण सगळीकडे दाबणारे पुष्कळ आहेत. त्यांना व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश उशिरा का येतात हे कळत नाही, आणि भूकंपाचा इशारा आलाच नाही हे तर कळण्याची सोयच नसते. इशाऱ्याचे असे एक अ‍ॅप ठेवावे, एकच ठेवावे आणि त्याच्या बॅटरीच्या विभागात 「制限なし」 निवडावे.

विकसकांच्या पर्यायांत पडद्यामागील अ‍ॅपची संख्या एक ते चारपर्यंत मर्यादित करणारी सोयही आहे. अनेक ठिकाणी तिची शिफारस वाचायला मिळते. मी ती करणार नाही. ती फोन पुन्हा सुरू केल्यावर मूळपदी जाते आणि चालू असेपर्यंत आपण नुकतेच सोडलेले अ‍ॅपच अधिक लवकर मारते. म्हणजे जो रोग आहे तोच वाढतो.

हलक्या आवृत्त्यांचे काय झाले

पाचसहा वर्षांपूर्वी या प्रश्नाला सरळ उत्तर होते: त्याच अ‍ॅपची 'लाइट' किंवा 'गो' आवृत्ती घ्या. आज ते उत्तर बऱ्याच अंशी कालबाह्य झाले आहे. लाइन लाइट २८ फेब्रुवारी २०२२ रोजी बंद झाले. यूट्यूब गो त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणि मेसेंजर लाइट सप्टेंबर २०२३ मध्ये गेले. जुन्या लेखांत ही नावे अजून दिसतात आणि ती शोधत गेलेला माणूस अनोळखी संकेतस्थळांवरून अ‍ॅपची फाइल उतरवून घेतो. बँकेचे व्यवहार असलेल्या फोनवर हे कदापि करू नये. व्हॉट्सअ‍ॅपची अधिकृत हलकी आवृत्ती कधीच नव्हती. तशा नावाने जे मिळते ते परकेच.

आणखी एक गैरसमज येथेच दूर करावा. जपानमध्ये वाय-मोबाइलने वर्षानुवर्षे विकलेले 'अँड्रॉइड वन' फोन आणि कमी मेमरीसाठी घडवलेले 'अँड्रॉइड गो' या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अँड्रॉइड वनमध्ये मूळ प्रणाली स्वच्छ असते, पण ती पूर्ण वजनाची असते.

मग हलके ते काय उरले? बहुतेक ठिकाणी ब्राउझरमधले पान हेच. रेल्वेचे वेळापत्रक transit.yahoo.co.jp वर अ‍ॅपइतकेच नीट मिळते. हवामान विभागाचा पावसाचा नकाशा, खरेदीची दुकाने, फेसबुक, वृत्तपत्रे ही सगळी पाने ब्राउझरच्या यादीतील 「ホーム画面に追加」 ने मुख्य पडद्यावर चिन्हाच्या रूपात ठेवता येतात. वापरणाऱ्याला अ‍ॅप उघडल्यासारखेच वाटते, पण पान मिटले की मागे त्याची स्वतंत्र सेवा चालू राहत नाही. याचा तोटाही सांगितला पाहिजे. उघडे असताना जड पान अ‍ॅपपेक्षा जास्त मेमरी घेऊ शकते, म्हणून अशी पाने एका वेळी एकदोनच उघडी ठेवावीत. लाइन आणि व्हॉट्सअ‍ॅप यांना मात्र फोनवर अ‍ॅपवाचून पर्याय नाही. त्यांच्यात चित्रे आणि चलचित्रे आपोआप उतरवणे बंद करावे. त्याने रॅमपेक्षा साठवण अधिक वाचते, पण ६४ जीबीच्या फोनमध्ये साठवण काठोकाठ भरली की सारेच मंदावते.

जपानमधील सर्वांत हलका पर्याय तर अ‍ॅपच्याही पलीकडचा आहे. येथील बहुतेक स्वस्त जपानी फोनमध्ये फेलिका ही चिप असते आणि मोबाइल सुइका तिच्यावरच चालते. ही सेवा जानेवारी २००६ पासूनची, म्हणजे आजच्या स्मार्टफोनहूनही जुनी. शिल्लक चिपमध्येच असल्यामुळे स्थानकाच्या फाटकावर किंवा किराणा दुकानात फोन टेकवला की पैसे वळते होतात. त्या क्षणी अ‍ॅप मेमरीत आहे की नाही याने काही फरक पडत नाही. अ‍ॅप लागते ते केवळ पैसे भरताना. याउलट क्यूआर कोडने पैसे देताना अ‍ॅप पडद्यावर उभे राहावे लागते आणि गल्ल्यासमोर, मागे रांग वाढत असताना ते शून्यापासून सुरू होण्याची वाट पाहावी लागते. वडिलांच्या फोनवरची दोन क्यूआर अ‍ॅप काढून मी सुइका ठेवली. भारतातून आणलेल्या फोनमध्ये ही चिप सहसा नसते. त्यांना प्लास्टिकचे कार्ड बरे.

ओटीपीची अडचण कशी सुटली

एवढे केल्यावर ब्राउझर पूर्वीपेक्षा बराच काळ टिकू लागला. तरी बँकेच्या व्यवहारासाठी 'बराच काळ' पुरेसा नाही, खात्री हवी. ती क्रमाच्या तत्त्वातूनच मिळते: ब्राउझरला पडद्यावरून हलूच द्यायचे नाही.

ओटीपी आला की संदेशांच्या अ‍ॅपमध्ये जायचे नाही. पडद्याच्या वरच्या कडेवरून सूचनांचा पडदा खाली ओढायचा, आकडे तेथेच वाचायचे, किंवा नक्कल करण्याचे बटण दिसत असेल तर ते दाबायचे, आणि पडदा पुन्हा वर सारायचा. सूचनांचा पडदा बँकेच्या पानावर पसरतो, त्याला बाजूला सारत नाही. म्हणून ब्राउझरची पायरी उतरत नाही. काही बँका संदेशातला मजकूर लांब ठेवतात आणि आकडे सूचनेत पूर्ण दिसत नाहीत. तेव्हा सूचनेच्या कडेचा छोटा बाण दाबून ती उलगडावी.

दुसरा मार्ग पडदा विभागण्याचा. अलीकडील अ‍ॅपच्या यादीत ब्राउझरच्या चिन्हावर बोट ठेवले की 「分割画面」 हा पर्याय येतो. वर बँक, खाली संदेश. दोन्ही पडद्यावर असल्यामुळे दोन्ही वरच्या पायरीवर राहतात. हा मार्ग थोडा जड आहे, पण ग्राहक क्रमांक टिपणवहीतून पाहून भरायचा असेल तेव्हा तो उपयोगी पडतो.

व्यवहारापूर्वी फोन एकदा बंद करून पुन्हा सुरू करायचा आणि दोन मिनिटे थांबायचे, कारण सुरू झाल्याबरोबर सगळ्या सेवा एकदम ओट्यावर गर्दी करतात. खाते उघडल्यावर वडिलांनी असे केले, सूचनांच्या पडद्यातून आकडे वाचले आणि नूतनीकरण पहिल्याच प्रयत्नात झाले. "सहा आकडे पाठ करून भरले, शाळेत पाढे म्हणायचो तसे," असे त्यांनी आईला फोनवर सांगितले.

जेथे काहीच उपयोगी पडत नाही अशीही कामे आहेत. येथील बँका आणि फोन कंपन्या खाते उघडताना ओळखपत्राचे आणि चेहऱ्याचे छायाचित्र मागतात. छायाचित्र घेण्यासाठी एखादे अ‍ॅप फोनचा स्वतःचा कॅमेरा उघडत असेल, तर कॅमेऱ्याला लागणारी मोठी जागा करून देताना ते अ‍ॅपच मारले जाते आणि अर्ज पुन्हा पहिल्या पानावर येतो. फोन नुकताच पुन्हा सुरू करूनही दोनदा हेच घडले, तर घरातल्या दुसऱ्या, मोठ्या मेमरीच्या फोनवरून ते काम करावे. साठवणीतला काही भाग रॅम म्हणून वापरण्याची 'मेमरी वाढवा' ही सोय काही फोनवर असते. तिने अ‍ॅप थोडी अधिक टिकतात, पण स्वस्त फोनची साठवण रॅमच्या मानाने फारच मंद असल्यामुळे टंकलेखनसुद्धा अडखळू लागते. वडिलांच्या फोनवर मी ती दोन दिवस चालू ठेवून बंद केली. आता नवा घ्यायचाच झाला, तर सवलतीच्या पाटीवरील मोठ्या आकड्याऐवजी खालच्या बारीक अक्षरांतली 「RAM」 ची ओळ पाहावी. तेथे सहा असेल तर चालेल, आठ असेल तर उत्तम, आणि 'चार अधिक चार' असे लिहिले असेल तर ते चारच धरावेत.